यापूर्वी वसूल

मी इंजिनिअर न्हाई. आधीच सांगून टाकतो. साईटवरचे लोक साहेब म्हणतात आणि मी कधी कुणाला थांबवलं न्हाई, म्हणून सांगतो.

बारावीनंतर कॉलेज अर्ध्यात सुटलं. लातूरला ईश्वरप्पांच्या ऑफिसात लागलो ते चहा-झेरॉक्स करायला. आप्पा म्हणजे जुने गुत्तेदार. मूळ उदगीरचे, सरकारी बिल्डिंगांची कामं घेतात. त्यांचा बिलं करणारा माणूस पुण्याला निघून गेला, आणि आप्पा म्हणले, "मल्लिनाथ, तू दिवसभर मोबाईलवर काय बघत राहतो? एक्सेल शिक." मी व्हिडिओ बघून बघून शिकलो. सहा महिन्यात बिलं करायला लागलो. खरंच करायला लागलो. त्याची लई घमेंड होती मला.

तर, काम होतं नांदेडला. मुलींचं होस्टेल, तीन मजले.

आता मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स काय असतो ते थोडक्यात सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. काम सुरू करायला आधी पैसा लागतो. मशीन आणा, माल आणा, लोकांसाठी पत्र्याचे शेड टाका. एक वीट बसायच्या आधीचा हा खर्च. म्हणून काम देणारा कामाच्या रकमेतले दहा टक्के आधीच देतो. फुकट न्हाई. आप्पांनी त्याच्यासाठी बँकेची गॅरंटी दिली होती. मग काम चालू असताना दर महिन्याला जे रनिंग बिल निघतं, त्या प्रत्येक बिलातून तो अ‍ॅडव्हान्स थोडा थोडा कापून घेतात. जेवढं काम, तेवढी कपात. एकदम कापत न्हाईत, कारण एकदम कापला तर माणूस मधेच बसतो आणि काम पण बसतं.

आप्पांनी हेच खाली केलं. सेंट्रिंग, लोखंड आणि काँक्रीटची मजुरी दगडोबा मुकादमाला दिली. उमरीकडचा माणूस, पन्नाशीचा, पंचवीस लोकांची गँग. चाळीस लाखाचं काम. त्याला चार लाख अ‍ॅडव्हान्स. बँकेची गॅरंटी त्याच्याकडं कुठली? स्टँप पेपरवर सही आणि एक कोरा चेक. चार लाखातून त्यानं काँक्रीट ओतायच्या लोखंडी प्लेटा भाड्यानं आणल्या, शेड टाकले, गावाकडनं लोक आणले आणि प्रत्येकाला थोडी थोडी उचल दिली. ऐंशी टक्के काम होईपर्यंत अ‍ॅडव्हान्स फिटला पायजे असं ठरलं. म्हणजे बत्तीस लाखाच्या कामात चार लाख. म्हणजे प्रत्येक बिलाचे साडेबारा टक्के.

हा साडेबाराचा आकडा मीच काढला होता. आप्पा म्हणले, शाब्बास.

दगडोबाचं बिल करायला मी आमचंच सरकारी बिलाचं शीट घेतलं. त्याच्यात सगळ्याचं तीनदा असतं. आजवर किती, यापूर्वी किती, आणि या बिलात किती. रनिंग बिल असंच चालतं, दरवेळी पहिल्या दिवसापासूनचं मोजायचं आणि मागचं वजा करायचं. शीट दोन पानाचं होत होतं. मी म्हणलं, या अडाणी लोकांना एवढं कशाला? एका पानात बसवू. म्हणून ओळी उडवल्या. कामातलं मागचं वजा करायची ओळ ठेवली. वसुलीच्या खाली एक ओळ होती, 'यापूर्वी वसूल'. ती उडवली.

एवढंच केलं मी.

पहिलं बिल सहा लाखाचं. कापले पंच्याहत्तर हजार. बरोबर. पहिल्या बिलात मागचं काही नसतंच.

दुसऱ्या महिन्यात पण सहा लाखाचंच काम झालं. आजवरचं बारा लाख. शीटनं बारा लाखाचे साडेबारा टक्के धरले. दीड लाख कापले. त्याच्यातले पंच्याहत्तर मी आधीच घेतलेले होते, ते वजा करायची ओळच नव्हती. मी बघितलं पण न्हाई. प्रिंट मारली, आप्पांची सही घेतली, पैसे पाठवले.

डिपॉझिट, टीडीएस जाऊन त्याच्या खात्यावर पाच लाखाला दहा-बारा हजार कमी यायला पायजे होते. आले सव्वाचारच्या आतच.

तिसऱ्या दिवशी दगडोबा लातूरला आला. संग बायको, केवळाबाई. ती गँगचा स्वयंपाक बघायची आणि हाजरी पण तीच ठेवायची. दोघं नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आलेले, माझ्या टेबलासमोर उभे. मी बसा म्हणलो न्हाई.

"साहेब, पैसे कमी आले जणू," दगडोबा म्हणला.

"कमी कसे येतील? बिल आहे की."

केवळाबाई पुढं झाली. "दादा, मागच्या बारीला पंच्याहत्तर कापले. या बारीला काम तेवढंच. मग दीड लाख कामून?"

आता हे लक्षात घ्या. तिनं एका वाक्यात माझी चूक दाखवली होती. एका वाक्यात. शाळा न शिकलेल्या बाईनं.

आणि बाजूच्या टेबलावर तनुजा बसलेली. आमची अकाउंटवाली, बी.कॉम. मी तिच्यासमोर कायम इंजिनिअर असल्यासारखा वागायचो. तिनं मान वर केली आणि माझं डोकं फिरलं.

"मावशी, याला प्रपोर्शनेट वसुली म्हणतात," मी म्हणलो. "काम वाढत जातं तशी वसुली वाढत जाते. हे कॉम्प्युटर करतो. कॉम्प्युटर चुकला म्हणता का तुम्ही?"

"तसं न्हाई दादा. मी फकस्त इचारलं."

"विचारायचं असलं तर शिकून यायचं. हाजरी मांडणं आणि बिल करणं एकच हाय का?"

तनुजा हसली. का हसली माहीत न्हाई. मला वाटलं माझ्या बाजूनं हसली.

दगडोबानं बायकोचा हात धरला. "चल गं. साहेबांनी सांगितलं की. त्यांचं बरोबर असंल." मग माझ्याकडं वळून म्हणला, "लोकांचा पगार अटकून राहिला साहेब, म्हणून आलो. माफ करा."

माफ करा म्हणला. मला.

पाच-सहा दिवसांनी मला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी बालाजी बोलून राहिलो. नांदेड साईट. दगडोबा मुकादमाच्या गँगमधला." मागं लई लोकांचा गलका होता. स्पीकरवर टाकलं होतं त्यानं. "एकच इचारायचं होतं साहेब. तुम्ही मुकादमाला या बिलाचे पैसे दिले का न्हाई?"

"दिले ना."

"पुरे दिले?"

इथं मी थांबू शकलो असतो. अ‍ॅडव्हान्स कापलाय, जास्त कापलाय, एवढं तरी बोलू शकलो असतो. पण मला वाटलं दगडोबा माझी तक्रार करत फिरून राहिला. राग आला. म्हणलो, "नियमानं जेवढे निघतात तेवढे पुरे गेले. आमच्याकडं एक रुपया न्हाई त्याचा. पुढं त्यानं काय केलं ते त्याला विचारा."

तिकडं बालाजीचा आवाज आला, माझ्यासाठी न्हाई, तिथल्या लोकांसाठी. "ऐकलं? कंपनीनं कापलं म्हणत होता. ऐकलं का सगळ्यांनी? दगड्यानं खाल्ले."

फोन कट झाला.

मी चहा प्यायला गेलो. खरं सांगतो. त्यानंतर मी चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी साईटवरच्या सुपरवायझरनं कळवलं, बालाजी बारा लोक घेऊन गेला. जाताना शेडसमोर भांडण झालं. कुणी तरी दगडोबाची कॉलर धरली. ही सगळी त्याच्या गावाकडची माणसं होती, त्याच्या शब्दावर आलेली. पंधरा वर्षं संग काम केलेली. गावात पण बातमी गेली, की दगडोबानं लोकांच्या पगारातनं बेइमानी केली.

राहिलेल्या अर्ध्या लोकांवर तिसऱ्या महिन्यात काम झालं फक्त तीन लाखाचं.

तिसरं बिल करायला बसलो. आजवरचं काम पंधरा लाख. वसुली एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. अ‍ॅडव्हान्सच्या वहीत शिल्लक काढायला गेलो. चार लाखातून आधीचे पंच्याहत्तर, मग दीड लाख, मग हे.

वजा साडेबारा हजार.

मी परत टाकलं. वजा साडेबारा हजार. म्हणजे चार लाख देऊन मी चार लाख साडेबारा हजार कापत होतो. आणि काम अजून अर्धं पण झालं न्हाई. चाळीसातले पंधराच लाख.

सरकारी बिलाचं शीट उघडलं आणि दोन्ही बाजूबाजूला ठेवले. ती ओळ दिसली. यापूर्वी वसूल. आमच्या बिलात होती, त्यांच्या बिलात नव्हती.

तनुजा बाजूलाच होती. तिनं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणलो, "काही न्हाई," आणि स्क्रीन छोटी केली.

कागदावर मांडलं. पंधरा लाखाच्या कामावर कापायला पायजे होते एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे, एकूण. सगळे मिळून. मी दोनच बिलात दोन लाख पंचवीस हजार घेऊन बसलो होतो. म्हणजे या बिलात कापायचं काहीच न्हाई, उलट साडेसदतीस हजार परत द्यायचे.

आप्पांकडं गेलो. दार लावून सांगितलं. आप्पांनी पूर्ण ऐकलं, चष्मा पुसला.

"जास्तीचा एक रुपया घेतला का आपण? चार लाखाच्या वर?"

"न्हाई. या बिलाला गेला असता. अजून न्हाई."

"मग झालं की. लवकर फिटून राहिलं त्याचं. पुढं कमी कटंल. शेवटी हिशोब तोच येतो. या बिलाला वसुली शून्य टाक. परत-बिरत काही देऊ नको, पुढच्या बिलात आपोआप जुळतं. आणि कुणाला सांगायची गरज न्हाई."

हिशोब तोच येतो. हे खरं होतं, हेच तर वाईट होतं. शेवटच्या बिलात सगळं जुळलं असतं. कोणत्याच कागदावर माझी चूक दिसली नसती. लोक गेले ते कोणत्याच ओळीत येत न्हाई.

मला बरं वाटलं. मनात म्हणलो, वाचलो. वसुली शून्य टाकली, बिल पाठवलं.

दोन दिवसांनी दगडोबाचा फोन.

"साहेब, लई उपकार झाले."

"कशाचे?"

"या बारीला तुम्ही अ‍ॅडव्हान्सच कापला न्हाई. माझी माणसं गेली, काम कमी झालं, ते बघून तुम्ही मालकाला सांगितलं असंल. मी केवळाला म्हणलं, साहेब मनानं चांगला हाय, त्या दिवशी उगं तापला होता. माहूरला गेलो की तुमच्या नावानं देवीला नारळ फोडतो."

मी काय बोललो? मी "बरं बरं" बोललो.

फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. एखाद्याचं घर मी जाळलं आणि तो मला पाणी आणल्याबद्दल धन्यवाद देऊन राहिला, असं वाटत होतं. त्या दिवशी जेवण गेलं न्हाई. दुसऱ्या दिवशी पण न्हाई.

परत आप्पांकडं गेलो. उभ्या उभ्या बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो.

"आप्पा, साडेसदतीस हजार त्याचे द्यायचे. आत्ता."

"पुढच्या बिलात जुळतं म्हणलं ना तुला."

"आप्पा, मागच्या वर्षी तुमच्या बिलातून सरकारी ऑफिसनं एक हप्ता जास्त कापला होता. तुम्ही तिथं काय केलं होतं?"

मला माहीत होतं काय केलं होतं. मीच संग होतो. आप्पांनी टेबल आपटला होता. म्हणले होते, माझे पैसे तुमच्याकडं महिनाभर बसले तर सिमेंटवाला मला महिनाभर थांबतो का?

"लई शहाणा झाला तू," आप्पा म्हणले. "अय्यो, मीच शिकवलं म्हणा." आणि कागद ओढून सही केली. "पैसे पाठव. पण तिथं जाऊन रडत बसू नको. कंपनीचं नाव खराब करू नको."

"कंपनीचं न्हाई करत. माझं करतो."

"तुझं काय नाव हाय रे खराब करायला," आप्पा म्हणले. ते पण खरं होतं.

निघताना तनुजाला सांगितलं. सगळं. ती म्हणली, "त्या दिवशी मी तुलाच हसले होते. बाई बरोबर विचारते आणि हा काय बडबडतो म्हणून."

"मग तेव्हा बोलली का न्हाईस?"

"तू ऐकलं असतं का?"

रविवारी नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा, पूर्ण रस्ता मनात वाक्यं जुळवत होतो. साईटवर पोहोचलो तर एकही वाक्य जमेना.

अर्धे शेड रिकामे. दगडोबा प्लेटांना तेल लावत होता. मुकादम माणूस स्वतः तेल लावत होता, हाताखाली माणूस न्हाई म्हणून. मला बघून उठला, हात पुसून खाट झटकली. "बसा साहेब. केवळे, चहा टाक."

"चहा नको. आधी ऐका."

सांगितलं. ओळ उडवली ते, दीड लाख कापले ते, आणि बालाजीच्या फोनवर काय बोललो ते. शेवटचं सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की केवळाबाई चुलीपासून उठून जवळ आली.

दगडोबाला वेळ लागला. तो म्हणला, "म्हणजे या बारीला तुम्ही कापलं न्हाई ते..."

"ते तुमचेच होते, मामा. मी काही उपकार केले न्हाईत. आणि अजून साडेसदतीस हजार निघतात, ते काल टाकलेत खात्यावर."

तो खाली बसला. बोलली ती केवळाबाई.

"मी इचारलं होतं तुला."

"हाव मावशी."

"तोंडावर इचारलं होतं."

"हाव."

"माझ्या नवऱ्याची कॉलर धरली त्याच्या पुतण्याच्या वयाच्या पोरानं. ह्यानं माझे डोरल्याचे मणी मोडले, तरी लोकांना अर्धाच पगार पुरला. तिकडं माझी सासू दळणाला जायना, बाया तोंडावर बोलून राहिल्या म्हणून." ती रडत नव्हती. "आता मला कामून सांगून राहिला? मला तर आधीच माहीत होतं. ज्यांला माहीत न्हाई त्यांला सांग. चल."

"कुठं?"

"बालाजी हाय तिथं. दोन किलोमीटरवर दुसऱ्या साईटवर हाय."

मला हे नको होतं. खरं सांगू? मला वाटलं होतं या दोघांना सांगितलं की सुटलो. बारा-तेरा लोकांसमोर उभं राहायचं मी मनात धरलंच नव्हतं. मी म्हणलो, "मी बालाजीला फोन करतो की."

"फोनवरच तर नाव घालवलं तू," ती म्हणली.

तिघं ऑटोनं गेलो. दगडोबा बाहेर बघत होता.

बालाजीची माणसं जेवायला बसली होती. बालाजी पंचविशीचा असंल, माझ्याच वयाचा. दगडोबाला बघून त्यानं तोंड फिरवलं. "आता काय घेऊन आला? पगार?"

"मी मल्लिनाथ," मी म्हणलो. "लातूर ऑफिसचा. फोनवर मी होतो."

"बरं मग?"

"मुकादमानं काही खाल्लं न्हाई. पंच्याहत्तर हजार मी जास्त कापले होते. माझ्या चुकीनं. आणि तुम्ही विचारलं तेव्हा पुरे गेले म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मी बघितलं पण नव्हतं आणि सांगितलं."

हातातली भाकर हातात राहिली लोकांची. एक म्हातारा म्हणला, "काय म्हणून राहिला ह्यो?" दुसऱ्यानं सांगितलं, "मुकादमाचं बरोबर होतं म्हणतो."

बालाजी उठला. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं.

"तुला किती पगार हाय?"

"अठरा हजार."

"तुझा कोणी कापला का त्या महिन्यात?"

"न्हाई."

"हां," तो म्हणला. तेवढंच. आणि माझ्याकडं पाठ केली, कायमची. दगडोबासमोर गेला. म्हणला, "मामा, मी गावात पण फोन केला होता."

"माहीत हाय."

"माझ्या बापाला सांगितलं मी. त्यानं चावडीवर सांगितलं."

"माहीत हाय, बाळ्या."

"परत करतो फोन. आत्ता करतो, तुमच्यासमोर." त्याचा हात खिशात अडकत होता. "पण कामावर यायला जमणार न्हाई, मामा. हितल्या मुकादमाची उचल घेतली आम्ही. प्रत्येकी दहा हजार. दर हप्त्याला कापून राहिला. फिटंपर्यंत हालता येत न्हाई."

दगडोबानं मान हलवली. त्याच्याइतकं हे कुणाला कळणार होतं? "फेडा आधी," तो म्हणला. "घेतलेली उचल सोडून येऊ नका. तुमचे राहिलेले पैसे उद्या देतो. आलेत माझ्या खात्यावर."

बालाजीचा बापाला फोन लागला. स्पीकरवरच टाकला त्यानं. पलीकडं एक म्हातारा आवाज होता, ऐकायला कमी येत असावं, कारण बालाजीला तीनदा ओरडून सांगावं लागलं. दगडोबा मुकादम चोर न्हाई. चोर न्हाई म्हणून राहिलो. अहो आबा, आपली चूक झाली, चोर न्हाई तो.

तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा दगडोबानं टॉवेल तोंडाला लावला.

मी पुढं होऊन काहीतरी बोलायला गेलो. केवळाबाई मधे आली.

"झालं तुझं काम. जा आता तू."

"मावशी, पुढचं बिल मी..."

"पुढच्या बिलाला मी येते लातूरला. तू बसवून सांगशील. आत्ता जा. आमचं आम्हाला बोलू दे."

मी निघालो. मागं कुणी तरी दगडोबाला जेवायला बस म्हणत होतं, आणि तो नको नको म्हणत होता, आणि कुणी तरी ताट वाढलं होतं. मी वळून बघितलं न्हाई. गेटच्या बाहेर ऑटो नव्हता. स्टँड लांब होतं. मी चालत गेलो.